ऑपरेशननंतर सुजलेला हात : सूज कोणती, ओळखायची कशी?

स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झालेल्या बाईचा हात सुजला की घरात बहुतेक एकच वाक्य ऐकू येते, "ऑपरेशननंतर असे होतेच." हे वाक्य अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ते घातक ठरते. ऑपरेशननंतर हाताला एक प्रकारची सूज येते, ती हळूहळू चढते आणि वर्षानुवर्षे सांभाळावी लागते. पण त्याच हाताला जंतुसंसर्गानेही सूज येते आणि शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी येते. पहिल्या सुजेसाठी आठ-दहा दिवसांनी डॉक्टरकडे गेले तरी चालते. बाकीच्या दोन सुजांना रात्र काढणेही महागात पडू शकते. वरवर पाहता तिन्ही वेळा हात नुसता 'सुजलेला' दिसतो.

आम्ही वरणगावला उर्दू आणि मराठी शिकवतो. मुंबईहून उपचार घेऊन आलेल्या घरांत इंग्रजी कागद असतात. ते वाचून सांगायला आम्हाला बोलावतात आणि हल्ली कागदांबरोबर मोबाइलवर हाताचे फोटोही दाखवतात. अशा तीन फोटोंची गोष्ट इथे सांगायची आहे. फोटो आम्ही छापत नाही, कारण ते घरच्या बायकांचे आहेत. त्यांच्या परवानगीने शब्दांत वर्णन करतो. हे फोटो शेजारी शेजारी ठेवून डॉक्टरांनी आम्हाला जे समजावले ते अधिक उपयोगाचे आहे: फोटोत काय दिसते, आणि फोटोत काय कधीच दिसत नाही.

आधी हात सुजतोच का, ते पाहू. हृदय रक्तवाहिन्यांतून रक्त हातात पाठवते. त्यातले थोडे पाणी आणि प्रथिने वाहिन्यांबाहेर मांसात पाझरतात. बरेचसे पाणी शिरांवाटे परत जाते, पण उरलेले पाणी आणि प्रथिने उचलायला वेगळ्या बारीक नळ्या असतात. त्यांना लसिकावाहिन्या म्हणतात. हाताच्या बहुतेक लसिकावाहिन्या काखेतल्या गाठींतून पुढे जातात. शेताचे पाणी ज्या चारीने निघते तिच्यावर मोरी असावी तशी ही काख आहे. कर्करोग पसरला आहे का हे पाहायला आणि पसरला असेल तर काढायला डॉक्टर याच गाठी काढतात, आणि पुढे रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'शेक' म्हणतात ते, याच भागावर पडले तर उरलेल्या वाटाही आकसतात. मोरी अरुंद झाली की पाणी मागे तुंबते. या तुंबलेल्या सुजेला लिम्फिडिमा म्हणतात.

काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या बायकांपैकी साधारण पाचात एकीला ही सूज येते. मोजक्याच गाठी तपासायला काढल्या तर हे प्रमाण बरेच खाली येते. म्हणूनच आता जिथे शक्य आहे तिथे सगळ्या गाठी काढण्याऐवजी आधी थोड्या काढून तपासतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काखेच्या खालच्या भागातल्या गाठी काढून तपासण्याच्या पद्धतीवर मोठे काम झाले आहे. तरी आपल्याकडच्या बऱ्याच बायका आजार पुढे गेल्यावर रुग्णालयात पोहोचतात आणि तेव्हा काख पूर्ण साफ करण्यावाचून इलाज नसतो.

ही सूज नवी नाही. अमेरिकेतले शल्यचिकित्सक विल्यम हॅल्स्टेड यांनी 1921 मध्ये स्तनाच्या ऑपरेशननंतर सुजणाऱ्या हातावर लेख लिहिला आणि तिला हत्तीरोगाच्या जोडीचे नाव दिले. सुजेमागे जंतुसंसर्गाचा मोठा वाटा असतो असे त्यांचे मत होते. आज कारण अधिक नीट कळले आहे, पण सूज आणि संसर्ग यांचे नाते त्यांनी ओळखले होते ते खोटे नाही. ते पुढे येईलच.

आता पहिला फोटो. आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांचा आहे. वय पंचावन्नच्या आसपास, डाव्या बाजूचे ऑपरेशन, काखेतल्या गाठी काढलेल्या, नंतर केमो आणि शेक. सगळे संपून दीड वर्ष झाल्यावर एका लग्नाच्या घाईत त्यांच्या लक्षात आले की उजव्या हातात सहज जाणाऱ्या काचेच्या बांगड्या डाव्या हातात साबण लावूनही चढत नाहीत. दुखत काहीच नव्हते. हात संध्याकाळी जड वाटायचा, सकाळी हलका. नवे झंपर शिवले तर डावी बाही दंडात घट्ट. त्यांच्या मुलीने दोन्ही हात चादरीवर शेजारी ठेवून फोटो काढला.

त्या फोटोत एकच हात पाहिला तर काही कळत नाही. दोन्ही शेजारी पाहिले की कळते. उजव्या पंजावर शिरांच्या निळसर रेषा आणि बोटांच्या सांध्यांचे उंचवटे दिसतात. डाव्या पंजावर ते भरून गेले आहेत, लहान मुलाच्या हातासारखे. कोपराचे हाड उजवीकडे टोकदार दिसते, डावीकडे बुजलेले. आणि रंग? दोन्ही हातांचा रंग सारखाच. डाव्या हाताची कातडी ना लाल, ना निळी, ना चमकणारी. लिम्फिडिमाच्या सुरुवातीची ही खूण आहे: आकार बदलला, रंग बदलला नाही.

फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी डॉक्टरांनी हाताने तपासल्या. अंगठ्याने थोडा वेळ दाबून धरले तर खळगा राहिला. म्हणजे आत पाणी आहे आणि ते अजून हलू शकते. मग पंज्याच्या मागच्या बाजूला, तर्जनीच्या बुडाशी, कातडीची चिमटीत घडी धरून पाहिली. सरळ हाताची कातडी चिमटीत येते. सूज जुनी झाली की कातडी जाड होते आणि चिमटीत येत नाही. चिमटी बसली नाही तर लिम्फिडिमा जवळजवळ नक्की समजावा. बसली म्हणून तो नाहीच असे मात्र म्हणता येत नाही, कारण सुरुवातीला ती बसते, आणि सूज फक्त दंडातच असू शकते.

शेवटी शिंप्याची टेप. मनगटाच्या घडीपासून दर 10 सेंटिमीटरवर पेनाने खूण करायची आणि दोन्ही हातांचा घेर त्याच जागी मोजायचा. कोणत्याही एका जागी 2 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फरक आला तर डॉक्टर त्याची दखल घेतात. खालांच्या कोपराखाली अडीच सेंटिमीटरचा फरक होता. इथे एक अडचण असते. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा उजवा हात मुळातच थोडा जाड असतो. म्हणून ऑपरेशनच्या आधीच दोन्ही हातांचे माप लिहून ठेवले असेल तर नंतरचा वाद मिटतो. ज्या घरात ऑपरेशनची तारीख ठरली आहे त्यांनी टेप आणि वही आजच काढावी. दहा मिनिटांचे काम आहे.

या सुजेवर पाणी काढायच्या गोळ्या देऊन उपयोग होत नाही, कारण अडचण पाण्यापेक्षा प्रथिनांची आणि अरुंद झालेल्या वाटांची आहे. उपचार असतो तो थर लावून बांधलेल्या पट्ट्यांचा, प्रशिक्षित माणसाने करायच्या हलक्या मालिशचा, व्यायामाचा आणि नंतर रोज दिवसा घालायच्या दाब देणाऱ्या बाहीचा. मालिश हलकीच हवी. तेल चोळून रगडणारी मालिश ती नव्हे. 'हात वापरू नका, जड उचलू नका' हा सल्लाही आता जसाच्या तसा राहिलेला नाही. 2009 मध्ये अमेरिकेत लिम्फिडिमा असलेल्या बायकांना देखरेखीखाली हळूहळू वजन उचलायला लावून पाहिले, तेव्हा सूज वाढली नाही, उलट सूज भडकण्याचे प्रसंग कमी झाले. खाला कणीक आजही स्वतःच मळतात.

दुसरा फोटो याच खालांचा आहे आणि याच हाताचा, वर्षभरानंतरचा. बाही नियमित वापरल्याने सूज आटोक्यात होती. कापसाच्या दिवसांत शेतावरून आलेल्या कापसाला हात लावताना बोंडाचे टोक करंगळीजवळ रुतले. ओरखडा इतका लहान की त्यांनी कोणाला सांगितलेही नाही. दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर त्यांना थंडी वाजून आली. दोन रजया घेतल्या तरी दात वाजत होते. घरच्यांनी मलेरिया समजून क्रोसिन दिली. हाताकडे कोणी पाहिलेच नाही, कारण हात तर आधीपासूनच सुजलेला होता.

फजरला मुलीने पाहिले तेव्हा हात तापलेला आणि हात लावू देत नव्हता. तिने फोटो काढला आणि मागच्या महिन्यातला फोटो त्याच्या शेजारी ठेवला. शहाणपणाचे काम तिने हेच केले. एकटा नवा फोटो पाहून 'सूजच आहे' असे वाटले असते. शेजारी जुना ठेवल्यावर दिसले की मनगटापासून कोपरापर्यंतच्या कातडीला चकाकी आली आहे, तेल लावल्यासारखी, आणि त्या भागाचा रंग बाकी हातापेक्षा गडद झाला आहे.

रंगाबद्दल इथे थांबून सांगायला हवे. वैद्यकाच्या पुस्तकांत संसर्गाचा हात 'लाल' असतो, कारण त्यातले बहुतेक फोटो गोऱ्या कातडीचे असतात. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या हातावर तोच लालपणा तांबूस-तपकिरी, जांभळट किंवा नुसताच काळपट दिसतो. शेक घेतलेली जागा तर आधीच काळवंडलेली असते. म्हणून 'लाल दिसत नाही, म्हणजे संसर्ग नाही' हा हिशेब आपल्या घरांत चुकतो. आपल्या हाताचा खरा नमुना म्हणजे आपलाच दुसरा हात. त्याच्याशी रंग ताडून पाहावा, आणि नंतर डोळे बाजूला ठेवून तळहाताची मागची बाजू दोन्ही हातांवर फिरवावी. गरमपणा लगेच कळतो आणि गरमपणा फोटोत येत नाही. मेंदी लावलेल्या हातावर तर रंगावरून काहीच सांगता येत नाही. तिथे स्पर्श आणि ताप यांवरच भरवसा ठेवावा.

डॉक्टरांनी सर्वप्रथम साध्या बॉलपेनने गडद भागाच्या कडेने रेघ ओढली आणि शेजारी वेळ लिहिली: सकाळी 9. घरी दवाखाना दूर असेल तर ही रेघ आपणही ओढून निघू शकतो. तीन-चार तासांनी रंग रेघेबाहेर गेला असेल तर संसर्ग पसरतो आहे हे डॉक्टरांना न सांगता दिसते. लगेच प्रतिजैविके सुरू झाली. औषध सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी कड थोडी पुढे सरकू शकते, त्याने घाबरायचे नाही. पण 48 तासांत ताप आणि दुखणे उतरणीला लागले पाहिजे. नाही लागले तर परत जायचे. उलट्या होत असतील, रुग्ण बरळत असेल, चक्कर येत असेल किंवा खूप गळून गेला असेल तर गोळ्यांवर थांबायचे नाही, भरती करून सलाइनमधून औषध द्यावे लागते. केमो चालू असलेल्या बाईला ताप आला तर हाताचे काहीही असो, थेट रुग्णालय गाठावे.

खालांचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. बरे वाटले तरी गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तितके दिवस पूर्ण घ्याव्या लागल्या. या काळात बाही आणि मालिश बंद होती, दुखणे गेल्यावर ती परत सुरू झाली. तुंबलेल्या हातात जंतूंना मारणाऱ्या पेशी वेळेवर पोहोचत नाहीत, म्हणून एवढासा ओरखडा पुरतो. आणि प्रत्येक संसर्ग उरलेल्या वाटा आणखी खराब करतो, म्हणून सूज पुन्हा वाढते. हॅल्स्टेड यांनी पाहिलेले नाते हेच. ज्यांना वर्षातून दोन किंवा अधिक वेळा असे होते त्यांना डॉक्टर बरेच महिने चालणारे लहान मात्रेचे प्रतिजैविक देण्याचा विचार करतात. हे आपण होऊन विचारावे.

तिसरा फोटो दुसऱ्या एका बाजींचा, चाळिशीतल्या. त्यांची केमो अजून चालू होती. दर वेळी शीर शोधावी लागू नये म्हणून दंडातून एक बारीक नळी मोठ्या शिरेपर्यंत घातली होती. तिला पिक लाइन म्हणतात. काहींना गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत केमोपोर्ट नावाची डबी बसवतात. ऑपरेशन उजव्या बाजूचे, नळी डाव्या हातात. एका शुक्रवारी डावा हात भरल्यासारखा वाटला आणि रविवारी तो कोपराच्या वरपर्यंत सुजला.

इथे पहिला प्रश्न फोटो न पाहताच सुटायला हवा होता: ऑपरेशन कोणत्या बाजूचे? लिम्फिडिमा ज्या काखेतल्या गाठी काढल्या त्याच बाजूला येतो. सुजला तो दुसरा हात. मग ती लिम्फिडिमाची सूज कशी असेल? पण घरात सगळ्यांच्या डोक्यात 'ऑपरेशननंतर हात सुजतो' एवढेच बसले होते. बाजू कोणी विचारली नाही. एका नातेवाइकांनी तर गरम तेलाने मालिश करायला सांगितली. सुदैवाने ती झाली नाही.

फोटोत दोन हात शेजारी होते. सुजलेला हात लाल नव्हता, निळसर-जांभळट दिसत होता, आणि नखांच्या खालची गुलाबी जागाही काळसर वाटत होती. हात दुखत होता, पण संसर्गासारखा जागच्या जागी ठणकत नव्हता. आतून ताण आल्यासारखा, खांद्यापर्यंत. ताप नव्हता. सर्वांत महत्त्वाची खूण मात्र त्या फोटोत नव्हती, कारण फोटो बाहीपर्यंतच काढला होता. खांद्यावर आणि छातीच्या वरच्या भागावर, गळपट्टीच्या हाडाखाली, एरवी न दिसणाऱ्या शिरा फुगून दिसत होत्या. मुख्य शीर बंद पडली की रक्त आडवाटा शोधते, त्या आडवाटा म्हणजे या शिरा. लिम्फिडिमात त्या दिसत नाहीत.

फोटो बाहीपाशी का थांबला ते आपल्याला सांगायला नको. पर्दा आहे, लाज आहे, आणि मोबाइलवरचा फोटो कुठे कुठे फिरेल याची भीती आहे. ती भीती रास्त आहे. छातीचा फोटो कोणालाही पाठवू नये असेच आम्हीही म्हणू. पण मग मुलीने, बहिणीने किंवा भाभीने दार लावून दोन्ही खांदे उजेडात पाहावेत आणि जे दिसले ते डॉक्टरांना शब्दांत सांगावे. 'खांद्यावर निळ्या शिरा उठल्या आहेत' हे एक वाक्य दहा फोटोंच्या बरोबरीचे आहे.

बाजींना त्याच दिवशी जळगावला नेले आणि डॉप्लर सोनोग्राफी झाली. ही तपासणी दुखत नाही. डॉक्टर यंत्राची मूठ कातडीवर ठेवून शिरेवर हलका दाब देतात. मोकळी शीर रबरी नळीसारखी चपटी होते. गुठळी असलेली शीर दबत नाही. पडद्यावर ती गोलच्या गोल राहिली. रक्त पातळ ठेवणारी औषधे लगेच सुरू झाली, आधी इंजेक्शन, नंतर गोळ्या. ही औषधे निदान तीन महिने चालतात. नळी काढायची की ठेवायची हे कर्करोगाच्या डॉक्टरांनी ठरवले. नळी चालू असेल आणि तिची गरज असेल तर ती ठेवूनही उपचार करता येतात.

रविवारी जाण्याची घाई का, तर गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊ शकतो. पायाच्या गुठळीत हे जास्त होते, हाताच्या गुठळीत कमी, पण होते. अचानक दम लागणे, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यात रक्त, डोळ्यांपुढे अंधारी, यांतले काहीही दिसले तर सोनोग्राफीच्या रांगेत बसायचे नाही, 108 ला फोन करायचा. गुठळीची शंका असेपर्यंत हात चोळायचा नाही आणि पट्टी बांधायची नाही. गुठळी नळीविनाही होते. कर्करोगाने रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, आणि केमो व टॅमॉक्सिफेन या गोळीमुळेही तिची शक्यता वाढते. म्हणून ऑपरेशनच्या बाजूचा हात दोन दिवसांत सुजला तर 'ही बाजू तर लिम्फिडिमाचीच' म्हणून गप्प बसता येत नाही.

तिन्ही फोटो आम्ही एकदा एकत्र ठेवले आणि नावे झाकून शाळेतल्या सहकाऱ्यांना दाखवले. पहिला आणि तिसरा फोटो लोक हमखास उलटसुलट सांगत होते. मग प्रत्येक फोटोखाली आम्ही एक ओळ लिहिली: 'दीड वर्षात हळूहळू', 'एका रात्रीत, तापाबरोबर', 'दोन दिवसांत, ताप नाही'. त्यानंतर कोणाचीही गफलत झाली नाही. फोटोपेक्षा ती ओळ बोलकी होती. डॉक्टरही आधी हेच विचारतात, सूज किती वेळात आली.

म्हणून फोटो काढायचा तर तारखेसह, आणि महिन्यातून एकदा, हात ठीक असतानाच. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात बसावे. पिवळ्या दिव्याखाली सगळे हात लालसर दिसतात. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढावे. साध्या एकरंगी चादरीवर दोन्ही हात कोपरासकट शेजारी ठेवावेत, आधी पालथे, मग उताणे, आणि मोबाइल दर वेळी तितक्याच अंतरावर धरावा. कातडी गोरी-गुळगुळीत करणारे फिल्टर बंद करावे, ते नेमकी चकाकी आणि डाग पुसून टाकतात. हे महिन्याचे फोटो म्हणजे आपला जुना नमुना. बिघाड झाला त्या दिवशी नवा फोटो त्याच्या शेजारी ठेवता येतो, आणि वरणगावहून मुंबईच्या डॉक्टरांना पाठवायचा तर दोन्ही मिळून पाठवता येतात. सोबत चार गोष्टी लिहाव्यात: ऑपरेशनची बाजू, सूज किती दिवसांत आली, ताप किती, हात गरम आहे की नाही. फोटो पाहून डॉक्टर कोणाला आधी बोलवायचे ते ठरवू शकतात. गुठळी नाही असे फोटो पाहून कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही, त्याला डॉप्लरच लागते.

आणखी एक शक्यता थोडक्यात सांगतो, कारण ती लपवून उपयोग नाही. बरीच वर्षे शांत असलेला हात कारण नसताना सुजू लागला, सोबत हातात सतत वाढत जाणारे दुखणे, बोटांत मुंग्या, पकड सैल होणे, किंवा काखेत अथवा गळपट्टीच्या हाडावर गाठ लागणे, असे असेल तर कर्करोगाच्या डॉक्टरांनाच दाखवावे. काखेत आजार परत आला आहे का हे त्यांना पाहावे लागते. नुसती बाही घालून थांबू नये.

सुईबद्दल आणि रक्तदाबाच्या पट्ट्याबद्दल बायका नेहमी विचारतात. एका वेळच्या सुईने किंवा पट्ट्याने सूज येते याचा भक्कम पुरावा नाही, तरी दुसरा हात उपलब्ध असेल तर डॉक्टर तोच वापरायला सांगतात. अडीअडचणीत ऑपरेशनच्या बाजूला सुई टोचली गेली म्हणून रात्रभर जागायचे कारण नाही. तव्याचा चटका, भाजी चिरताना लागलेले, मांजराचा ओरखडा, बोटांच्या बेचक्यात ओलाव्याने झालेली चिखली, यांची काळजी जास्त घ्यावी. लगेच साबणाने धुवावे आणि जंतुनाशक मलम लावावे. बाजारातली काळी मेंदी या हाताला लावूच नये. तिच्यातल्या रसायनाने कातडीवर फोड येऊ शकतात आणि त्या फोडांतून जंतूंना वाट मिळते.

वुजूचा प्रश्न खालांनी पहिल्याच आठवड्यात विचारला होता. पाण्याने सुजेला काही होत नाही. वुजूच्या वेळी बाही काढता येते, कोपरापर्यंत नेहमीसारखे धुता येते. अडचण नंतर येते. ओल्या हातावर बाही ओढली तर कातडी सोलते आणि बोटांच्या बेचक्यात ओलावा राहतो, तेही दिवसातून पाच वेळा. म्हणून वुजूच्या जागी एक वेगळा मऊ रुमाल टांगून ठेवावा, बोटांमधली जागा टिपून घ्यावी आणि हात पूर्ण कोरडा झाल्यावरच बाही चढवावी. बाह्या दोन असाव्यात, एक धुवायला टाकली की दुसरी वापरता येते. साधारण सहा महिन्यांत ताण सैल होतो, तेव्हा नवी घ्यावी लागते. थरांच्या पट्ट्या बांधलेल्या दिवसांत मात्र दर नमाजला त्या सोडता येत नाहीत. सोडल्या तर उपचारच मोडतो. अशा वेळी पट्टीवर ओला हात फिरवून मसह करण्याची सवलत फिकहमध्ये आहे. आपल्या मसलकप्रमाणे ती कशी करायची हे मोहल्ल्यातल्या आलिमांना विचारून घ्यावे. खालांनी तसेच केले. पट्टीचे ते तीन आठवडे त्यांनी मसहवर काढले आणि तीन आठवड्यांनंतर कोपराखालचा फरक अडीचवरून एक सेंटिमीटरवर आला होता.